कुरडयांच्या पाकिटातली चिठ्ठी

ज्या चिठ्ठ्यांमुळे माझ्या आत्याला पुन्हा खडी फोडायला जावं लागलं, त्या मीच लिहिल्या, मीच छापल्या आणि मीच कुरडयांच्या पाकिटांत घातल्या. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. पोरवयातली चूक म्हणून सोडून देता आलं असतं, पण ते मला जमत नाही. चिठ्ठीत एकही शब्द खोटा नव्हता. आजही त्यातला एकही शब्द मी मागे घेणार नाही. अडचण तिथेच आहे.

आम्ही दापोडीला राहायचो, रेल्वेच्या अलीकडच्या गल्लीत. वडील पिंपरीच्या एका कंपनीत मशीनवर होते. घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. गेटवर वाटलेली, सभेत मिळालेली, संपाची, मोर्चाची, धर्मांतराच्या वर्धापनदिनाची. वडील ती सरळ घडी घालून पत्र्याच्या पेटीत ठेवायचे. बाराखडी मी शाळेत शिकले, वाचायला मात्र त्या पेटीतून शिकले. त्यामुळे कागदावर लिहिलेली गोष्ट ही वाटण्यासाठीच असते, असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. कॉलेजात गेल्यावर वस्तीतल्या तरुण मंडळात मी एकटीच मुलगी होते. सायक्लोस्टाइलच्या स्टेन्सिलवर अक्षर चांगलं येतं म्हणून मंडळाची सगळी पत्रकं माझ्याकडे असायची.

आत्या गावाकडे राहायची. साताऱ्याच्या दुष्काळी बाजूला आमचं गाव. नवऱ्यानं दुसरं लग्न केल्यावर ती माहेरच्या घरी परत आली आणि तिथेच राहिली. शेत नव्हतं. दुष्काळाच्या साली खडी फोडायची कामं निघाली, तेव्हापासून ती खडीवरच होती. पाझर तलावाचं काम असो की रस्त्याचं, बायकांच्या वाट्याला हातोडी आणि खडीचा ढीग यायचा. तिच्या हाताच्या भेगांत दगडाची भुकटी बसलेली असायची. ती राखेनं घासून पण निघत नसे.

मग कुरडया सुरू झाल्या, त्याही शेजारच्या काकूंमुळे. काकू मूळच्या कराडकडच्या, मराठा, आणि गल्लीत ब्लाऊज शिवायच्या. एका उन्हाळ्यात आत्यानं आम्हाला कुरडया पाठवल्या होत्या. आईनं त्यातल्या दहाबारा काकूंना दिल्या. दुसऱ्या दिवशी काकू दारात उभ्या.

"वहिनी, ह्या तळल्यावर ताटभर होतात की हो! आणि पांढऱ्या किती! आमच्या प्राधिकरणातल्या बायकांना दाखवू का?"

काकूंची निम्मी गिऱ्हाइकं तिकडची होती. निगडीला प्राधिकरणात नवे बंगले झाले होते. तिथल्या बायका कापड द्यायच्या, काकू बसनं जाऊन माप घ्यायच्या आणि शिवलेले ब्लाऊज पोचवायच्या. त्याच पिशवीत त्यांनी चार कुरडया नेल्या. तळून नेल्या नाहीत, कारण तळलेली कुरडई बसमध्ये मऊ पडते. कच्ची न्यायची, बाईच्याच स्वयंपाकघरात, तिच्याच तेलात सोडायची. तेलात पडल्याबरोबर ती फुलते, कढईच्या काठाला लागते, आणि बघणाऱ्या बाईच्या तोंडून "अगं बाई" निघतं. काकू म्हणायच्या, "अगं बाई निघालं की ऑर्डर झाली."

पहिल्या वर्षी चार घरं होती, दुसऱ्या वर्षी चौदा. होळीच्या आधी काकू घरोघरी विचारून यायच्या, मी आत्याला पत्र टाकायची, शाळेतली मुलं तिला ते वाचून दाखवायची. मग ती गहू भिजत घालायची. तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं. पाणी बदलायला एक दिवस आळस केला की कुरडई पिवळी पडते. मग वाटायचं, फडक्यातून पिळून चीक काढायचा, तो रात्रभर खाली बसू द्यायचा. सकाळी वरचं पाणी ओतून टाकायचं. चिकाइतकंच पाणी उकळत ठेवायचं, त्यात मीठ, हिंग, आणि मग चीक ओतून दोन्ही हातांनी घोटत राहायचं. गुठळी झाली की संपलं. शिजलेला चीक गरम असतानाच सोऱ्यात भरून दाबावा लागतो. थंड झाला तर सोऱ्या हलत नाही. एका सुट्टीत मी मदतीला गेले होते. तिसऱ्या घाण्याला माझे खांदे भरून आले. आत्या हसून म्हणाली, "पेन दाबायचं न्हवं हे."

वाळलेल्या कुरडया तेलाच्या रिकाम्या डब्यांत, जुन्या लुगड्याच्या घड्यांमध्ये बसवून यायच्या. वडील रजा टाकून एसटीनं आणायचे, डबा मांडीवर घेऊन, टपावर टाकू द्यायचे नाहीत. दापोडीला आम्ही पाकिटं करायचो. चुरा आमच्या वाट्याला.

दोन उन्हाळे असे गेले. पहिल्याच उन्हाळ्यानंतर आत्यानं खडीवरचं नाव काढून घेतलं. कुरडया, मग सांडगे, दिवाळीच्या आधी पुन्हा थोड्या शेवया, एवढ्यावर तिचं भागायला लागलं. दिवाळीला आली तेव्हा आईनं तिचा हात हातात घेतला आणि उलटा करून पाहिला. "भरल्या की गं भेगा," म्हणाली. आत्यानं हात काढून घेतला, पण लाजली.

आता चिठ्ठीचं.

तिसऱ्या वर्षी पहिली पाकिटं पोचवायला काकूंबरोबर मी गेले. प्राधिकरणात एक बंगला होता, नवीन रंगवलेला, पुढे मोगरा. तिथल्या बाई खरंच चांगल्या होत्या. बसा म्हणाल्या, पंखा लावला. पाकीट उघडून एक कुरडई उजेडात धरली.

"काय सुरेख हात आहे हो! कोण करतं म्हणालात?"

"ह्यांच्या गावाकडच्या आहेत," काकू म्हणाल्या आणि माझ्याकडे हात केला. "साताऱ्याकडच्या."

"तुमच्या ओळखीतल्या म्हणून घेते, बरं का. नाही तर हल्ली कोण कुठल्या हातानं काय करतं, कुठल्या पाण्यात करतं, काही सांगता येतं का? गहू-ज्वारी ठीक आहे. हे म्हणजे शिजवलेलं."

काकू हसल्या. "ते तर आहेच."

मीही गप्प बसले. पंख्याखाली, त्यांच्या खुर्चीवर, हातात त्यांनी दिलेली बर्फी धरून. बाहेर आल्यावर मी ती बर्फी गटारात टाकली आणि बसस्टॉपवर काकूंवर तुटून पडले.

"ते तर आहेच, असं का म्हणालात?"

"मग काय म्हणू? भाषण करू?"

"खरं सांगायचं."

"तू बारा वाजता उन्हात खरं सांग. मला पाच घरं करायची आहेत अजून." मग जरा थांबून म्हणाल्या, "मी खोटं बोलले का? साताऱ्याकडच्याच आहेत ना?"

ती सगळी रात्र मी स्वतःलाच खात होते. गेटवर उभी राहून कामगारांना जातीविरुद्धची पत्रकं देणारी मी, आणि बर्फी हातात घेऊन ऐकून घेणारीही मीच. दोन दिवसांनी मंडळाच्या खोलीत एका स्टेन्सिलचा खालचा अर्धा भाग कोरा उरला होता. मी त्यावर लिहिलं:

"या कुरडया आमच्या गावच्या बौद्धवाड्यातल्या एका कष्टकरी बाईनं केल्या आहेत. तिच्या हाताची चव तुम्हाला दोन वर्षं आवडली. तो हात कुणाचा, हेही आता माहीत करून घ्या. माणसाच्या हाताला विटाळ नसतो."

कागदाच्या एका तावावर सहा बसल्या. कात्रीनं कापल्या. उरलेली पाकिटं बांधायचं काम माझंच होतं. प्रत्येकात कुरडयांच्या वर एक चिठ्ठी ठेवून मी तोंड शिवलं. काकूंना सांगितलं नाही, आईलाही नाही. वडिलांना एक वाचायला दिली. त्यांनी दोनदा वाचली आणि म्हणाले, "अक्षर सुवाच्य आलंय." मला ती शाबासकी वाटली. पुढे मला कळलं की ते घाबरले होते, पण मुलीला पत्रकापासून अडवणं त्यांना जमणार नव्हतं, कारण तिला तो नाद त्यांनीच लावला होता.

आत्याला विचारावं, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. डोक्यात आलं आणि मी टाळलं, असं असतं तरी मला स्वतःबद्दल थोडं बरं वाटलं असतं.

काकूंनी नऊ घरांत ती पाकिटं पोचवली. मी भांडणाची वाट पाहत होते. कुणीतरी दारात येईल, वाद होईल, मी उत्तरं तयार ठेवली होती. कुणीच आलं नाही. पुढच्या आठवड्यात काकू दुसऱ्या खेपेचं विचारायला गेल्या. एका घरी म्हणाल्या, "यंदा खूप झाल्या." दुसरीकडे, "डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय." तिसऱ्या घरी मोलकरणीनं पाकीट आणून हातात दिलं, वर शिवण उसवलेली, आतल्या कुरडया तशाच. त्यातली चिठ्ठी काकूंनी तिथे पायरीवर उभ्या राहून वाचली.

संध्याकाळी आमच्याकडे आल्या त्या चप्पल न काढता उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. चिठ्ठी आईच्या हातात दिली. आईनं वाचली आणि माझ्याकडे पाहिलं.

"काकू, मी जे लिहिलंय ते..."

"गप्प. खरं आहे, मला माहीत आहे खरं आहे. मला शिकवू नकोस." काकूंनी चिठ्ठी आईच्या हातातून परत घेतली. "त्या मोगऱ्याच्या बंगल्यातल्या बाई आज मला काय म्हणाल्या सांगू? त्यांना पहिल्या वर्षापासून माहीत होतं. त्यांनी एकदा तुझ्या वडिलांचं नाव विचारलं होतं, मी सांगितलं होतं. आडनावावरून कळणार नाही होय? कळूनही घेत होत्या. खात होत्या. सासूला वाढत होत्या. आता शेजारणीच्या पाकिटातली चिठ्ठी सासूनं वाचली. त्या म्हणाल्या, 'मला माहीत नाही असं म्हणायची सोय होती, ती तुमच्या त्या पोरीनं घालवली.'"

"मग त्या सासूला स्पष्ट सांगायला काय झालं होतं?" मी म्हणाले.

"ते तू तिच्या घरात सून म्हणून जा आणि सांग."

काकूंचीही चार घरं तुटली. ब्लाऊजचीसुद्धा. ते त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही, आईनं सांगितलं.

तिकडे आत्यानं दुसऱ्या खेपेचा गहू आधीच भिजवला होता. थांब म्हणून पत्र पोचेपर्यंत कुरडया वाळून झाल्या होत्या. चार डबे आले आणि आमच्या खाटेखाली राहिले. मी त्यातले दोन मंडळात नेले. पोरांनी हौसेनं घेतले. एकानं तर पाकीट हातात धरून भाषणच केलं, हे म्हणजे कुरडया नव्हेत, हे म्हणजे प्रतिकार वगैरे. टाळ्या झाल्या. महिन्याभरानं मी त्याला पुन्हा घेतोस का विचारलं.

"अगं, पहिल्याच आहेत अजून," तो म्हणाला. "आमच्याकडे कुणी खात नाही विशेष."

पत्रानं सगळं कळवायची माझी हिंमत झाली नाही. आपल्या चिठ्ठीची गोष्ट शाळेतल्या पोरानं तिला वाचून दाखवावी, हे नको होतं. वैशाख संपताना मी एसटीनं गेले. घराला कुलूप होतं. शेजारणीनं बोट दाखवलं, "रस्त्याच्या कामाव गेल्यात तुमच्या आत्या. पंधरा रोज झालं."

फाट्यापासून पुढे डांबरी रस्ता होणार होता. कडेला बायका रांगेनं बसल्या होत्या. डोक्यावर पदर, प्रत्येकीसमोर दगड. आत्यानं मला पाहिलं, पण हातातला दगड फोडून झाल्यावरच ती उठली. आम्ही बाभळीखाली बसलो. मी सगळं सांगितलं. चिठ्ठी पाठ होती, ती म्हणून दाखवली. तिनं शेवटपर्यंत ऐकली.

"चांगलं लिवलंयस," ती म्हणाली.

मला रडू आलं.

"रडू नगस. बायका बघत्यात." तिनं पदरानं तोंड पुसलं, आधी स्वतःचं, मग माझं. "येक सांग. त्या बायांस्नी काय वाटतं, ते मला ठावं न्हवतं, आसं वाटलं व्हय तुला?"

"नाही, पण..."

"मला ठावं हुतं. गव्हाला पानी घालताना रोज ठावं हुतं. ह्या पान्यातलं त्या खात्यात आन् त्यांना कळंना, म्हनून मी यकटीच हसत हुते चुलीम्होरं. तेवढी माझी गंमत हुती. तू ती बी सांगून टाकलीस."

"आत्या, असं लपून किती दिवस..."

"लपून मी हुते का तू? तुला लाज वाटली त्या बाईच्या घरात, म्हनून तू चिठ्ठी लिवलीस. तुझी लाज तू धुतलीस. धू की. पर माझ्या पान्यात कशापायी धुतलीस?"

मुकादमानं हाक मारली. ती उठली, आणि जाताना मागे वळून म्हणाली, "भाकरी खाऊन जा. शिक्यात हाय. किल्ली शेजारनीकडं."

तिच्या हातांना नव्यानं भेगा पडल्या होत्या. मी कुलूप उघडलं, भाकरी खाल्ली नाही, मग तिला कळेल म्हणून अर्धी खाल्ली.

वडिलांनी त्यानंतर चिठ्ठीचा विषय कधी काढला नाही. मंडळाच्या पुढच्या पत्रकाचं स्टेन्सिल माझ्याकडे आलं, तेव्हा मी हात दुखतोय म्हणून परत केलं. हात दुखत नव्हता. ज्या हातांना दुखायचा हक्क होता ते रस्त्यावर खडी फोडत होते, आणि मी त्यांचंही दुखणं उसनं घेतलं.

पुढच्या वर्षी माघात आत्याचा निरोप आला, वडिलांच्या हाती: घरं मिळत असतील तर ह्या उन्हाळ्यात कुरडया करीन, उजव्या मनगटाला सूज आहे, खडीवर दुसरा उन्हाळा निघणार नाही. फार उशीर झाला तर सोऱ्याही दाबता येणार नाही.

मी काकूंकडे गेले. वर्षभर आमच्यात गरजेपुरतंच बोलणं होतं. त्या मशीनवर होत्या. निरोप ऐकून त्यांनी पाय थांबवला.

"निगडीची घरं गेली ती गेली. चिंचवडला नवी बघावी लागतील. माझ्या ओळखीचं तिकडं कुणी नाही, नुसतं दार वाजवायचं." मग सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "मी एकटी जाणार नाही. तू बरोबर यायचं. आणि बोलायचं तू. मी नाही."

"मी?"

"आत्या तुझी आहे. काय सांगायचं ते तू ठरव. फक्त आधी ठरव. दारात ठरवू नकोस."

मी आठ दिवस ठरवत होते. आडून काही विचारलं तर सरळ उत्तर द्यायचं, असं ठरवलं. मग आत्याचं मनगट आठवलं की वाटायचं, नाही. पुन्हा वाटायचं, का नाही? चिंचवडला उतरलो तेव्हाही माझं ठरलेलं नव्हतं.

पहिल्या दोन घरांनी दारातूनच नको म्हटलं. तिसऱ्या घरात एक बाई होत्या, माझ्या आईएवढ्या, कपाळावर घाम, बहुतेक स्वयंपाक अर्ध्यावर टाकून आलेल्या. कढई चुलीवरच होती म्हणून आत घेतलं. गेल्या वर्षीच्या उरलेल्यांतली एक कुरडई मी माझ्या हातानं तेलात सोडली. ती फुलली, काठापर्यंत आली.

"अगं बाई," त्या म्हणाल्या.

त्यांनी तुकडा मोडून खाल्ला, दुसरा नवऱ्याला बाहेर नेऊन दिला. परत आल्या. "छान आहेत. कोण करतं?"

"माझी आत्या."

"गाव कोणतं?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"हो का? तिकडची माणसं आहेत आमच्या ओळखीची." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही कोण म्हणायचे तिकडचे?"

हा प्रश्न मला पाठ होता. त्याचं उत्तर मी शंभर जणांपुढे, माईकवर दिलं होतं. काकू भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होत्या.

"आमचे वडील पिंपरीला कंपनीत आहेत," मी म्हणाले. "बरीच वर्षं झाली. आम्ही आता इकडचेच."

बाईंनी क्षणभर वाट पाहिली. अजून काही येईल असं त्यांना वाटलं असावं. मी कढईतलं तेल निवतंय का बघत राहिले.

"बरं," त्या म्हणाल्या. "दोन किलो लिहा. आणि माझ्या जावेला विचारून सांगते, ती शेजारीच आहे."

त्यांना कळलं होतं का, मला ठाऊक नाही. पुढेही कधी कळलं नाही. दारातून परतवणारी सोडून त्या दिवशी आम्ही सहा घरं केली. सहा ठिकाणी गाव सांगितलं, सहा ठिकाणी वडिलांची कंपनी सांगितली. तिसऱ्या-चौथ्या घरापासून ते सांगताना मला अडखळायला होईनासं झालं, इतकं ते सरळ यायला लागलं. काकूंनी परतताना बसमध्ये खिडकीकडची जागा मला दिली आणि माझ्या मांडीवरची पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली.

आत्यानं त्या वर्षी खडीवर नाव घातलं नाही. मनगटाची सूज पावसाळ्यात उतरली. मला तिनं निरोप धाडला, "घरं कशी मिळवलीस?" मी पत्रात लिहिलं, काकूंनी मिळवली. वाचून दाखवणाऱ्या मुलाला त्यातलं काही वावगं वाटलं नसेल.